दुकानाची ई-मेल यादी निवडताना

दिवाळी महिन्या-दीड महिन्यावर आली की छोट्या दुकानदाराला आपल्याकडच्या ई-मेलच्या यादीची आठवण होते. वर्षभर ती बिलिंगच्या कॉम्प्युटरवर कुठेतरी पडून असते. मग कुणीतरी ती बाहेर काढतो, नवीन मालाचे चार फोटो जोडतो आणि सगळ्यांना एकदम पत्र धाडतो. त्यातली दोन-तीनशे परत येतात. काहींना हे दुकान कोणते तेच आठवत नाही, ते ‘स्पॅम’चे बटण दाबून मोकळे होतात. पुढच्या वेळी ज्यांना पत्र खरोखर हवे असते, त्यांच्याकडेही ते स्पॅमच्या कप्प्यात जाऊन पडते.

हे असे का होते, तर जीमेल किंवा याहू प्रत्येक पाठवणाऱ्याचा लौकिक बघतात. लौकिकावर सर्वांत जास्त परिणाम करते ती तक्रार, म्हणजे ‘रिपोर्ट स्पॅम’. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने आपली अपेक्षा आकड्यांत सांगून ठेवली आहे. तक्रारींचे प्रमाण ०.१ टक्क्याच्या खाली ठेवा आणि ०.३ टक्क्यापर्यंत कधीच पोचू देऊ नका. एक हजार पत्रांमागे एकाने तक्रार केली तर तुम्ही मर्यादेवर आलात, तिघांनी केली तर अडचणीत. हजारात तीन माणसे वैतागणे काही अवघड नाही. म्हणून ज्याला नको आहे त्याला स्पॅमच्या बटणापेक्षा सोपा रस्ता हवा आणि ज्याने कधी मागितलेच नाही त्याला पत्र जायलाच नको. बाकी सगळे याच दोन गोष्टींसाठी.

एक उदाहरण धरू. हातमागाच्या साड्या आणि सुती ड्रेस मटेरियलचे दुकान आहे, पुण्यासारख्या शहरात. थोडी विक्री वेबसाइटवरून होते, त्यात परदेशी स्थायिक झालेली मराठी मंडळीही आहेत. यादीत ३,८४० ओळी आहेत. आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत.

आधी पत्ता कुठून आला ते बघा

बहुतेकजण पत्ता चालू आहे की बंद इथून सुरुवात करतात. माझे मत उलटे आहे. पत्ता आपल्याकडे आला कसा, हा पहिला प्रश्न. मूळ फाइलची एक प्रत बाजूला ठेवा आणि दुसऱ्या प्रतीत प्रत्येक ओळीसमोर तीन रकाने जोडा: कुठून आला, केव्हा आला, शेवटची खरेदी केव्हा. तारीख नक्की माहीत नसेल तर वर्ष लिहा. वर्षही आठवत नसेल तर रकाना कोरा सोडा, अंदाजाने भरू नका. ते कोरेपणही पुढे उपयोगी पडते.

आपल्या दुकानाच्या यादीत २,१५० पत्ते बिलाच्या काउंटरवरचे निघाले, ७४० वेबसाइटचे, ६२० प्रदर्शनातल्या स्टॉलवरच्या वहीतले. उरलेले ३३० कुणा ओळखीच्या व्यापाऱ्याने ‘वापर तुला’ म्हणून दिलेल्या फाइलमधले. हे ३३० सरळ काढून टाका, एकदा विचारून बघण्यासाठीसुद्धा ठेवू नका. त्या माणसांनी तुमचे नाव कधी ऐकलेले नाही आणि तक्रारी सर्वांत आधी इथूनच येतात. शिवाय विकत किंवा उसन्या आलेल्या यादीत बंद पडलेल्या, पण स्पॅम पाठवणाऱ्याला पकडण्यासाठी पुन्हा चालू ठेवलेल्या पेट्याही असू शकतात. तिथे पत्र पडले की पाठवणारा नजरेत येतो.

काउंटरवरच्या पत्त्यांची गोष्ट निराळी. काही बिलिंग सॉफ्टवेअर ई-मेलचा रकाना भरल्याशिवाय पुढे जाऊच देत नाही. समोर रांग असते, गिऱ्हाईक म्हणते ‘राहू द्या हो’, मग काउंटरवरचा मुलगा `abc@gmail.com` किंवा `na@gmail.com` ठोकतो आणि बिल फाडतो. यादी पत्त्याप्रमाणे क्रमाने लावली की असे पत्ते एकाखाली एक दिसतात, कधी एकच पत्ता चाळीस नावांसमोर असतो. ते नुसते खोटे आहेत असेही नाही, असा पत्ता जगात कुणाचा तरी असू शकतो आणि त्याला साड्यांची चाळीस पत्रे जातील. ते काढाच, पण त्याआधी सॉफ्टवेअरमधला तो रकाना ऐच्छिक करून घ्या. नाहीतर पुढच्या दिवाळीला हेच काम पुन्हा करावे लागेल.

एक्सेलमध्ये करायचे काम

फाइल चाळायला महागडे साधन लागत नाही. A रकान्यात मूळ पत्ता असेल तर शेजारच्या रकान्यात तो साफ करून घ्या आणि त्याच्या शेजारी तो किती वेळा आला ते मोजा.

```
=LOWER(TRIM(SUBSTITUTE(A2,CHAR(160),"")))
=COUNTIF($B$2:$B$4000,B2)
```

पहिल्या सूत्रातला `CHAR(160)` म्हणजे वेबपेजवरून कॉपी करताना येणारी न दिसणारी मोकळी जागा. नुसते `TRIM` तिला हात लावत नाही, त्यामुळे डोळ्यांना सारखे दिसणारे दोन पत्ते एक्सेलला वेगळे वाटतात. दुबार ओळ काढताना जिच्यासमोर संमतीची किंवा अलीकडच्या खरेदीची नोंद आहे ती ठेवा, पहिली दिसली म्हणून ठेवू नका. आणि दोन्हींपैकी एकीवर ‘बंद करा’ अशी नोंद असेल तर दोन्ही बंद.

स्पेलिंगच्या चुका ‘@’च्या पुढच्या भागात सापडतात: `gmial.com`, `gamil.com`, `gmail.con`, `yaho.com`. त्या आपणच दुरुस्त करून टाकाव्यात असा मोह होतो. `.con` असा शेवट अस्तित्वातच नाही, तिथे दुरुस्ती करायला हरकत नाही, पण तीही बिलावरच्या फोन नंबरवर विचारून केलेली बरी. ज्याने शेवटी चूक केली त्याने आधीच्या भागातही केली असू शकते आणि मग दुरुस्त केलेला पत्ता तिसऱ्याच माणसाचा निघतो. उलट `yahoo.in`, `yahoo.co.in`, `rediffmail.com` हे सगळे खरे आहेत, त्यांना घाईत हात लावू नका. `accounts@` किंवा `info@` ने सुरू होणारे पत्ते जीएसटीच्या बिलासाठी दिलेले असतात. तिथे पत्र उघडतो तो हिशेबनीस. त्याला साडीशी घेणेदेणे नाही, त्यामुळे हे पत्ते बिलापुरते ठेवा.

दुबार ३१० आणि खोटे-चुकीचे १७० वगळल्यावर आपल्या दुकानाकडे ३,०३० पत्ते उरले.

परत आलेल्या पत्रांचे वाचन

मागच्या वेळी परत आलेल्या पत्रांचा अहवाल पाठवणाऱ्या सेवेत मिळतो. त्यात एक आकडा असतो. तो न वाचता ‘बाउन्स झाला, काढून टाक’ असे करणे म्हणजे तांदूळ निवडताना खड्यांबरोबर मूठभर तांदूळही फेकणे. `550 5.1.1` दिसले तर अशी पेटीच नाही, तो पत्ता कायमचा बाद. `452 4.2.2` म्हणजे पेटी भरली आहे. तो ठेवा, पण लागोपाठ तीन पत्रे अशीच परत आली तर थांबा. बहुधा त्या पेटीकडे आता कुणी बघत नाही. गूगल तर दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती डिसेंबर २०२३ पासून बंद करते आहे, त्यामुळे जुन्या यादीत अशी पडझड वाढलेलीच दिसेल.

तिसरा प्रकार लक्षात ठेवण्यासारखा आहे. `550 5.7.26` असे लिहून पत्र परत आले तर दोष पत्त्याचा नाही, तुमचा आहे. पाठवणारा खरोखर तुम्हीच आहात हे जीमेलला पटलेले नसते. तुमच्या डोमेनच्या नोंदींत एसपीएफ आणि डीकेआयएम नीट बसवलेले नाहीत, असा त्याचा अर्थ. वेबसाइट सांभाळणाऱ्याला तो संदेश जसाच्या तसा दाखवा. एकही पत्ता काढायची गरज नाही. दुकानाच्या नावाने पण साध्या जीमेलच्या खात्यातून बीसीसीत पत्ते भरून पाठवणाऱ्यांनी तर ती सवयच सोडावी. दिवसाला ५०० ची मर्यादा आहे, परत आलेल्यांचा हिशेब राहत नाही, आणि एखाद्या दिवशी बीसीसीऐवजी वरच्या ओळीत पत्ते पडले तर सगळ्या गिऱ्हाइकांचे पत्ते सगळ्यांना कळतात.

इथे १३० पत्ते गेले. उरले २,९००.

गप्प बसलेले ग्राहक

आता खरा अवघड भाग. पत्ता चालू आहे, पत्र पोचते, पण पलीकडून काहीच हालचाल नाही. यादीचे सॉफ्टवेअर अशा वेळी कुणी पत्र उघडले याचा आकडा दाखवते. त्यावर विसंबू नका. ॲपलने २०२१ पासून आपल्या मेल ॲपमध्ये पत्रातली चित्रे आधीच उतरवून घ्यायची सोय दिली, त्यामुळे आयफोनवाल्याने पत्र पाहिलेही नसेल तरी ‘उघडले’ अशी नोंद होते. पत्रातल्या दुव्यावर बोट लावले का आणि दुकानात किंवा वेबसाइटवर खरेदी झाली का, या दोनच गोष्टी धरा.

किती दिवस गप्प बसला म्हणजे गप्प समजायचे? तयार सल्ले ९० दिवस सांगतात. ते रोजच्या वापराच्या वस्तूंसाठी ठीक. साडीचे गिऱ्हाईक वर्षातून एकदा दिवाळीला आणि एखाद्या लग्नसराईत येते. तीन महिन्यांची कात्री लावली तर चांगली गिऱ्हाइके जातील. इथे अठरा महिने धरा, म्हणजे निदान एक दिवाळी आणि एक लग्नसराई त्यात सापडते. आपल्या दुकानाच्या २,९०० पैकी १,१५० जणांनी एवढ्या काळात काहीतरी केले होते. उरलेल्या १,७५० जणांना एकदा, फक्त एकदा, विचारायचे.

> विषय: आमचे पत्र पुढे पाठवू का?
>
> नमस्कार. २०२३ च्या प्रदर्शनात आमच्या स्टॉलवरच्या वहीत तुम्ही हा पत्ता लिहून दिला होता. नवीन साड्या आल्या की महिन्यातून एक पत्र आम्ही पाठवतो. हवे असेल तर खालचे बटण दाबा. काही केले नाही तर यापुढे हे पत्र येणार नाही.
>
> [हो, पाठवत राहा]

यात दोन गोष्टी मुद्दाम आहेत. पत्ता कुठून मिळाला ते पहिल्याच वाक्यात आहे, कारण वाचणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न तोच येतो. ते वाक्य प्रत्येक गटासाठी वेगळे लिहावे लागते आणि म्हणूनच सुरुवातीला ‘कुठून आला’ हा रकाना भरला. कोऱ्या रकान्याच्या माणसाला असे पत्र लिहिताच येत नाही, तो आपोआप गळतो. दुसरे म्हणजे गप्प राहिला तर उत्तर ‘नाही’ असे धरले आहे. ‘नको असेल तर कळवा, नाहीतर पाठवत राहू’ असे लिहिणारे आहेत. त्यांची यादी मोठी राहते आणि तक्रारीही.

ही १,७५० पत्रे एका दिवशी सोडू नका. तीनशे-तीनशेच्या गटांनी, ताजे आधी आणि जुने शेवटी, असे पाठवा. माझा ठोकताळा असा की एखाद्या गटात शंभरामागे पाचाहून जास्त परत आली, तर त्याहून जुन्या गटांचा नाद सोडावा. आपल्या दुकानाला २१० होकार आले असे धरू. १,१५० आणि २१०, मिळून १,३६०. मालक हबकतो, कारण ३,८४० चे एवढेच राहिले. पण गेलेल्या पत्त्यांतून विक्री होत नव्हतीच.

ज्यांनी आधीच ‘बंद करा’ सांगितले आहे त्यांना मात्र हे विचारणारे पत्रही पाठवायचे नाही. ब्रिटनमध्ये फ्लायबी या विमान कंपनीने ‘तुमची माहिती बरोबर आहे ना?’ अशा अर्थाची ३३ लाखांवर ई-मेल अशाच लोकांना पाठवली होती. तिथल्या माहिती आयुक्त कार्यालयाने मार्च २०१७ मध्ये तिला ७० हजार पौंडांचा दंड केला. संमती मागणारे पत्रही जाहिरातच असते, हा त्यातला मुद्दा. त्याच वेळी होंडाच्या युरोपातल्या कंपनीलाही दंड झाला, कारण पत्ते कोणत्या संमतीवर घेतले हे तिला दाखवता आले नाही. तुमच्या यादीत लंडन किंवा लीड्सचे मराठी गिऱ्हाईक असेल तर हे नियम तुमच्याही दारापर्यंत येतात.

संमतीची ओळ

आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आहे, बोलीत डीपीडीपी. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि संमतीविषयीच्या तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. दुकानदाराला उपयोगी असे एक उदाहरण कायद्यातच दिले आहे: औषधाच्या दुकानात खरेदी करणारीने पैसे मिळाल्याची पावती मोबाइलवर पाठवा म्हणून नंबर दिला, तर दुकानाला तो पावती पाठवण्यासाठी वापरता येतो. याचा सरळ अर्थ असा की बिलासाठी दिलेला पत्ता बिलासाठी. त्यावर दिवाळीचा सेल पाठवायचा तर वेगळे विचारायला हवे. आपल्या १,१५० मधले जे फक्त बिलामुळे आले, त्यांनी दुव्यावर बोट लावले म्हणजे संमती दिली असे नाही. पुढच्या पत्राच्या वरच त्यांच्यासाठी ‘हो, पाठवत राहा’चे बटण द्या किंवा पुढच्या खरेदीला काउंटरवर विचारा.

काउंटरवर किंवा वेबसाइटवर ओळ अशी असू शकते:

> ☐ नवीन साड्या आणि सणातल्या सवलती यांचे पत्र मला ई-मेलने पाठवा. महिन्यातून जास्तीत जास्त दोन. हा पत्ता दुसऱ्या कुणाला देणार नाही. प्रत्येक पत्राखालून ते कधीही बंद करता येईल. (खूण केली नाही तरी बिल ई-मेलने येईल.)

चौकट कोरीच हवी. आधीच खूण करून ठेवली तर ती तुमची खूण झाली, गिऱ्हाइकाची नव्हे. ‘महिन्यातून जास्तीत जास्त दोन’ हा आकडा लिहिताना मालक कचरतात, दिवाळीत हात बांधले जातील म्हणतात. मग ‘दिवाळीच्या महिन्यात चार’ असे लिहा, पण आकडा लिहा. नुसते ‘वेळोवेळी’ वाचून कुणाला काहीच कळत नाही. ‘अटी व शर्तींनुसार आमच्या व आमच्या सहयोगींच्या प्रचारात्मक संदेशांना मी संमती देत आहे’ ही वाक्ये कुठून तरी उचललेली असतात. ‘सहयोगी’ कोण हे मालकालाही सांगता येत नाही. तो शब्द तर काढाच. आणि ‘खूण करा, दहा टक्के सूट घ्या’ हेही टाळा. सवलतीसाठी दिलेला पत्ता सूट मिळाल्यावर तक्रारीला उभा राहतो.

खूण झाल्याची तारीख, ठिकाण आणि त्या वेळी चौकटीसमोर कोणते शब्द होते, हे तिन्ही जपून ठेवा. वाद झाला तर संमती होती हे दाखवण्याची जबाबदारी कायद्याने तुमच्यावर टाकली आहे. शब्द बदलले की त्यांना ‘नमुना १’, ‘नमुना २’ असे क्रमांक द्या आणि यादीत क्रमांक लिहा. प्रदर्शनातल्या वहीच्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर हीच ओळ छापून घ्या. नाहीतर लोक अभिप्राय लिहितात आणि आपण त्यांना ग्राहक समजतो.

बंद करण्याची ओळ

कायदा म्हणतो की संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे हवे. एका खुणेने दिली तर एका बोटाने काढता आली पाहिजे. लॉगिन करा, कारण निवडा, सात दिवस थांबा, यातले काही नको. ओळ साधी:

> २०२४ मध्ये आमच्या वेबसाइटवर खूण केल्यामुळे हे पत्र तुम्हाला आले. नको असेल तर इथे दाबा, लगेच बंद होईल. फक्त दिवाळी-पाडव्याचे हवे असेल तर इथे.

दुसरा पर्याय खूप उपयोगी पडतो. पुष्कळांना दुकान नको नसते, संख्या नको असते. तो पहिल्याच्या नंतर ठेवा, त्याच्या आड नको. अक्षरे बाकी मजकुराएवढीच, रंगही तोच. राखाडी कागदावर राखाडी अक्षरांत दडवलेला दुवा सापडला नाही की माणूस वरचे स्पॅमचे बटण शोधतो, आणि ते जीमेल त्याला ठळक दाखवते. पत्र बंद झाल्यावर दिसणाऱ्या पानावर ‘तुमच्या जाण्याने वाईट वाटले’ आणि रडणारे चेहरे नकोत. ‘पत्र बंद केले आहे. ऑर्डरची बिले आणि पार्सलची माहिती मात्र येत राहील. चुकून दाबले असेल तर इथे दाबा.’ एवढे पुरे.

जीमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाशेजारीही ‘अनसबस्क्राइब’ दिसते. ते दिसण्यासाठी पत्राच्या वरच्या तांत्रिक भागात या दोन ओळी लागतात. नावाजलेल्या सेवा त्या स्वतःच घालतात:

```
List-Unsubscribe: <https://example.com/u?id=123>
List-Unsubscribe-Post: List-Unsubscribe=One-Click
```

दिवसाला पाच हजारांहून जास्त पत्रे जीमेलला पाठवणाऱ्यांना त्या सक्तीच्या आहेत, आणि विनंती दोन दिवसांत अमलात आणावी लागते. छोट्या दुकानाला सक्ती नाही, तरी असाव्यात. मजकुरातल्या दुव्याचे मात्र एक पथ्य आहे: कार्यालयांतले सुरक्षेचे सॉफ्टवेअर पत्रातले दुवे पुष्कळदा आधी स्वतः उघडून बघते. नुसत्या दुवा उघडण्याने नाव कमी होत असेल तर हवे असलेले गिऱ्हाईकही गळते. म्हणून दुव्याने उघडणाऱ्या पानावर ‘बंद करा’ असे एकच बटण ठेवा आणि ते दाबल्यावरच नाव कमी करा.

बंद केलेले पत्ते पुसू मात्र नका. पुसला की पुढच्या महिन्यात बिलिंगची फाइल पुन्हा चढवताना तोच पत्ता नवा म्हणून आत येतो. यादीबाहेरच्यांची एक वेगळी शीट करा, `Suppress` नावाची. प्रत्येक वेळी नवीन पत्ते चढवण्याआधी साफ केलेल्या पत्त्याच्या रकान्यावर हे चालवा:

```
=COUNTIF(Suppress!A:A,B2)
```

उत्तर शून्य नसेल ती ओळ बाहेर. त्या शीटमध्ये नाव, फोन, खरेदी काही ठेवू नका, फक्त पत्ता आणि तारीख.

दिवाळीचे पत्र सोडण्याआधी एक चाचणी करून घ्या. स्वतःचे एक जीमेल, एक याहू आणि एक रेडिफमेल खाते यादीत घाला आणि पत्र मोबाइलवर उघडा. एका खात्यात पत्राखालचा दुवा उघडून ‘बंद करा’ दाबा, दुसऱ्यात नावाशेजारचे बटण दिसत असेल तर ते. मग बिलिंगची फाइल पुन्हा चढवून बघा, ती दोन खाती परत आत आली का. आली असतील तर पत्र त्या दिवशी सोडायचे नाही. सगळे सुरळीत झाले तरी पत्र गेल्यावर पहिल्या दिवशी जीमेल, याहू आणि रेडिफमेलच्या लोकांपैकी किती टक्क्यांनी दुवा उघडला, हे वेगवेगळे मोजा. जीमेलचे तक्रारींचे आकडे दाखवणारे पोस्टमास्टर टूल्स थोडकी पत्रे पाठवणाऱ्याला बहुधा कोरेच दिसते. पण बाकीच्यांचे प्रमाण नेहमीइतके आणि एकट्या जीमेलचे एकदम निम्म्यावर, असे दिसले तर तिकडे पत्रे स्पॅममध्ये जात असल्याचा संशय घ्यायला हवा. मग पुढचे पत्र फक्त गेल्या सहा महिन्यांत खरेदी केलेल्या जीमेलवाल्यांना पाठवा, आणि प्रमाण पूर्वीसारखे झाले की बाकीच्यांना हळूहळू जोडा.